थांबलेली कळ

पोट धरून कोणी आनंदाबाईच्या ओसरीवर येऊन टेकलं, की ती उठून ओव्याचा डबा काढायची नाही. आधी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहायची आणि मग विचारपूस सुरू करायची. काल काय खाल्लं? किती खाल्लं? कोणाच्या घरी? ढेकर येतो का? वारा सरतो का? ओकारी झाली का, आणि ती खाल्ल्याखाल्ल्या का नंतर? माणूस एक सांगायचा, तिला दुसरंच खरं वाटायचं, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. गावात तिला पाठीमागे फौजदारीण म्हणत. नवरा चंद्रभान तोंडावरही म्हणायचा.

गाव पवनारच्या पलीकडे दीड कोसावर, धाम नदीच्या अंगानं. १९५४ सालच्या माघातली गोष्ट. गावच्या एका शेतात नवसाचे रोडगे झाले होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले रोडगे, वांग्याची तिखटजाळ भाजी आणि वर गूळ. संध्याकाळपर्यंत पंगती उठत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदाबाईच्या ओसरीवर माणसं येऊन बसली, तेव्हा तिला काही नवल वाटलं नाही.

सोनबा सगळ्यांत पुढे होता. पोट नगाऱ्यासारखं झालेलं.

"किती खाल्ले?"

"चार."

"खरं सांग."

"सात," सोनबा म्हणाला.

तिनं चिमूटभर ओवा तळहातावर चोळला, पादेलोणाचा खडा फोडून त्यात मिसळला, त्याच्या हातावर ठेवला आणि वरून कोमट पाणी प्यायला दिलं. "चावून खा, गिळू नको. दुपारी जेवू नको. संध्याकाळी भूक लागली तर भाताची पेज." कोणाचं पोट नुसतं जड होतं, त्याला तिनं जिऱ्याचं पाणी दिलं. जिरं तव्यावर जरासं भाजायचं, ओबडधोबड कुटायचं, तांब्याभर पाण्यात उकळून निम्मं आटवायचं आणि घोट घोट प्यायचं. ज्याची जळजळ कमी आणि सुस्ती जास्त, त्याला ताक. तेही सकाळी घुसळलेलं, लोणी काढलेलं, दुप्पट पाणी घालून पातळ केलेलं, वर जिऱ्याची पूड. कालचं आंबट ताक ती कोणाला देत नसे.

आणि प्रत्येकाला ती एकच गोष्ट बजावायची. "हे एकदाच. दिवस मावळेपर्यंत हलकं नाई वाटलं, तर मले सांगजो. दुसऱ्यांदा मागायले येऊ नको."

लोकांना वाटायचं, औषधाची किंमत वाढवायला बाई असं बोलते. खरं कारण दुसरंच होतं. तिची थोरली बहीण जिजा आष्टीकडे दिली होती. तिचं पोट दुखायला लागलं तेव्हा आनंदाबाई तिच्याकडेच होती, नुकतंच लग्न झालेली. घरच्यांनी ओवा दिला, ताक दिलं, पुन्हा ओवा दिला, मग एरंडेल पाजलं. दोन दिवस जिजा गुडघे पोटाशी घेऊन तळमळत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती हसून म्हणाली, "थांबलं वो बाई. बरं वाटून राह्यलं." घरात सगळ्यांनी देवाला हात जोडले. चौथ्या दिवशी जिजा गेली. कशानं गेली ते कोणालाच कळलं नाही. कोणी म्हणालं करणी झाली, कोणी जावेवर बोट ठेवलं. तेव्हापासून आनंदाबाईचा पोटावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

तर रोडग्यांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, ओसरी रिकामी होत आली असताना, दोन घरं पलीकडची नलू आली. विमलाबाईची सून, सतरा-अठरा वर्षांची, तानबाशी लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. मागोमाग विमलाबाईही आली आणि दारातच उभी राहिली.

"कुठं दुखते?"

नलूनं बेंबीभोवती हात फिरवला. "हितं. सकाळपासून. एकदा ओकली बी."

"आधी दुखलं, का आधी ओकली?"

"आधी दुखलं, काकू."

"रोडगे किती?"

"अर्धा. जाईच ना."

आनंदाबाई थबकली. सात रोडगे खाणाऱ्याचं पोट फुगतं, ते समजतं. अर्ध्या रोडग्यानं काय होणार? ती आणखी काही विचारणार, तेवढ्यात विमलाबाईनं तिला खुणेनं बाजूला बोलावलं.

"पुढच्या आठवड्यात भावाचं लग्न हाये तिच्या," ती हळूच म्हणाली. "म्या म्हटलं, कापसाची शेवटची वेचणी झाली की जाजो. तवापासून हे असं. जेवत नाई, बोलत नाई. आता पोट दुखते म्हणते. तुमीच समजा."

आनंदाबाईनं वळून नलूकडे पाहिलं. पोरगी खाली मान घालून बसली होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुखण्याचं की रुसव्याचं? माणसं किती सफाईनं खोटं बोलतात, हे तिनं ह्याच ओसरीवर वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तिला वाटलं, असेलही. अर्धा रोडगा खाऊन पोट कसं दुखेल, ह्या प्रश्नाचं उत्तर तिला एकदम सोपं मिळालं. दुखतच नसेल.

तिनं जिऱ्याचं पाणी करून दिलं. "घोट घोट घे," म्हणाली. नेहमीसारखं पोट चाचपून पाहिलं नाही.

दिवस मावळायला विमलाबाई पितळी लोटा घेऊन आली. "अजून कण्हून राह्यली. जरा ताक देता का? तुमच्या हातचं म्हटलं म्हंजे पेईन."

दुसऱ्यांदा द्यायचं नाही, हा तिचाच नेम. पण ही मागणारी सासू, दुखणं नाटकाचं, आणि ताकानं कोणाचं काय बिघडतं? आनंदाबाईनं लोट्यात ताक ओतलं. उठून दोन घरं ओलांडून जायचा तिला कंटाळा आला.

सकाळी मात्र तिला राहवलं नाही. सोनबा शेतावर निघाला होता, त्याला तिनं हटकलं. पोट उतरलं होतं. बाकीचेही सगळे ठीक होते. तीच भाजी, तेच तूप, आणि न उतरलेलं पोट एकच. ती विमलाबाईच्या घरी गेली.

विमलाबाई अंगणातच भेटली. तिचा आवाज चढलेला होता. "तुमच्या ताकानं रातच्याला दोनदा ओकली पोरगी! काय घातलं होतं त्यात?"

"मी? लोटा दाखव."

लोटा चुलीपाशी पडला होता. आनंदाबाई तो उन्हात घेऊन गेली. आतली कल्हई जागोजागी उडाली होती आणि तळाशी हिरवट डाग होता. क्षणभर तिला हायसं वाटलं. ताक पितळेत कळकलं, त्यानं मळमळलं, संपलं. दोष विमलाबाईच्या लोट्याचा. ती बोलणारच होती, पण तिनं आत डोकावून विचारलं, "नलू, ताक किती प्यायली?"

"एक घोट," आतून आवाज आला. "उतरलंच नाई. ओतून दिलं."

एका घोटानं दोन-दोनदा ओकारी होत नाही. आणि दुखणं तर ताकाच्या आधीपासूनचं. आनंदाबाईनं लोटा खाली ठेवला आणि आत गेली.

नलू कुशीवर पडली होती, उजवा पाय पोटाशी ओढून. उशाशी तानबा बसला होता. आनंदाबाई जवळ वाकली, तशी नलूनं तिचा पदर धरून तिला आणखी खाली ओढलं.

"काकू," ती कुजबुजली, "आत्याबाईनं मले काही खाऊ घातलं का वो?"

एका घरात तीन बायका आणि तिघींचा एकमेकींवर संशय. आनंदाबाईला स्वतःचीच लाज वाटली. "कोणं काही घातलं नाई. कुठं दुखते ते सांग."

"काल बेंबीपाशी होतं. रातच्याला हितं उतरलं." तिनं उजव्या बाजूला, खाली, बोट ठेवलं. "लय दुखलं. खोकललं तरी कळ मारे. पण आता थांबलं. मघा एकदम थांबलं. बरं वाटून राह्यलं."

तानबाच्या तोंडावर हसू आलं. दारात विमलाबाई म्हणाली, "पाह्यलं? म्या काय म्हटलं होतं? आता हे एवढं एरंडेल घेतलं की कोठा साफ." तिच्या हातात वाटी होती.

आनंदाबाई नलूशेजारी खाली बसली. थांबलं. बरं वाटून राह्यलं. ओवा नाही, काही नाही, आणि आपसूक थांबलं? काही न सुधारता थांबलेल्या दुखण्यावर ती पुन्हा विश्वास ठेवणार नव्हती. तिनं नलूच्या कपाळाला हात लावला. तापलेलं. जीभ पाहिली. कोरडी, पांढरी. नाडी बोटांखाली भरभर पळत होती. मग तिनं आपला हात चोळून गरम केला आणि पोटावर ठेवला, अगदी अलगद. फुगलेलं पोट हाताखाली दबतं, गुरगुरतं. हे पोट लाकडाच्या फळीसारखं ताठ होतं. तिनं हात उचलला, तशी नलू किंचाळली.

ती उठली, विमलाबाईच्या हातातली वाटी घेतली आणि मोरीत उपडी केली.

"अवो! काय करून राह्यल्या?"

"हिले आता काही द्यायचं नाई. एरंडेल नाई, ताक नाई, पाणी बी नाई. तानबा, पुनाजीले सांग, बंडी जुंप. वर्ध्याले न्यायची."

"दुखणं थांबलं न् वर्ध्याले?" विमलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कायले? तिथं नेऊन पोट फाडतीन. सोयरे काय म्हणतीन, पोरगी मारली म्हणतीन! न् कालपर्यंत तुमीच तं दवा दिली. आता काऊन भेव वाटते तुमाले? काय दिलं होतं सांगा खरं!"

आनंदाबाईकडे उत्तर होतं, पण ते सांगायला सोपं नव्हतं. "जिरं दिलं न् ताक दिलं," ती म्हणाली. "त्याच्यानं वारा सरते, जड पोट हलकं होते. एवढंच होते त्याच्यानं. हे पोट तसं नाई. मी काल हात लावून पाह्यला असता तं कालच समजलं असतं. माह्या बहिणीचं असंच थांबलं होतं, तानबा. दुसऱ्या दिवशी तिले नदीवर नेलं."

तानबानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग उठून पुनाजीला सांगायला गेला.

पुनाजी गोंडवाड्यातला, विमलाबाईच्याच शेतावर राबणारा. त्यानं बंडीत कडब्याचा जाड थर घातला, वर चार गोधड्या टाकल्या. पवनारहून सकाळची मोटार केव्हाच गेली होती, म्हणून बैलांनाच वर्ध्यापर्यंत न्यायचं ठरलं. नदीच्या उतारावर चाक दगडावरून घसरलं की नलूच्या तोंडून आवाज निघायचा. मघाशी थांबलेली कळ परत आली होती, आणि आता ती एका जागी नव्हती, सगळ्या पोटभर पसरली होती. तिनं पाणी मागितलं. आनंदाबाईनं ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसले. तानबा बंडीच्या मागे चालत होता. तो दर थोड्या वेळानं आनंदाबाईकडे पाही, आणि त्या नजरेचा अर्थ तिला नीट कळत होता. पोरगी वाचली नाही, तर ही नजर गावभर होणार होती.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला. त्यानं पोट पाहिलं, ताप पाहिला, आणि वळून विचारलं, "गावात औषध कोणी दिलं?"

"म्या."

त्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय दिलं? खरं सांगा. लपवलंत तर हिच्या जिवावर बेतेल."

इतकी वर्षं हेच ती दुसऱ्यांना म्हणत आली होती. "काल दुपारी जिऱ्याचं पाणी. संध्याकाळी ताक, ते एक घोटच प्यायली."

"जुलाबाचं काही?"

"नाई. एरंडेल देऊन राह्यले होते. म्या फेकलं."

"फेकलंत?" डॉक्टरानं चष्मा वर केला. "का?"

"दुखणं आपसूक थांबलं म्हणाली न् पोट फळीवानी झालं. मले भरवसा नाई वाटला."

तो म्हणाला, "आतड्याला शेपटीसारखा एक लहान भाग असतो. तो सुजून पिकला होता आणि आज सकाळी फुटला. फुटला की ताण सुटतो, म्हणून घटकाभर दुखणं थांबतं. जुलाब दिला असता तर जास्त बिघडलं असतं. तुमच्या जिऱ्यानं काही वाईट झालं नाही." तो हात धुवायला वळला आणि पाठमोराच म्हणाला, "पण काल आणली असती, तर फुटायच्या आधी काढता आला असता."

ते शेवटचं वाक्य मनात घेऊन आनंदाबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

ऑपरेशन झालं. आतला पू बाहेर यायला पोटात रबरी नळी ठेवली, आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं दिवसरात्र चालली. पाच दिवस काही सांगता येत नव्हतं. सहाव्या दिवशी ताप उतरला. नलू पंचवीस दिवस दवाखान्यात राहिली आणि तिथून परस्पर माहेरी गेली. भावाचं लग्न तिच्यावाचून होऊन गेलं होतं.

पोरगी वाचली, तरी गावातला संशय काही गेला नाही. विमलाबाईनं आपल्या लोट्याचं नाव काढलं नाही. आनंदाबाईच्या ताकानं आतडं फुटलं, हे तिनं पाणवठ्यावर सांगितलं, बाजाराला जाताना सांगितलं. ओसरी ओस पडली. सोनबासुद्धा पोट चोळत दारावरून पुढे जायचा. चंद्रभान चिडला. "डॉक्टर काय म्हणाला ते सांगत काऊन नाई तू लोकायले?"

"अर्धंच सांगू का?" ती म्हणाली. "ताकानं काही झालं नाई म्हणून सांगू, न् एक दिवस माह्यापायी गेला ते गिळू?"

ती कोणालाच काही सांगायला गेली नाही. ओव्याचा डबा फळीवर तसाच राहिला. पावसाळ्यात त्याला बुरा आला तेव्हा तिनं तो उकिरड्यावर रिता केला.

नलू पोळ्याच्या सुमारास सासरी आली. अंगानं भरली होती, फक्त चालताना जरा जपून पाऊल टाकायची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आनंदाबाईच्या ओसरीवर येऊन बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "काकू, एक विचारू? त्या दिवशी तुमाले बी वाटलं होतं ना, मी नाटक करून राह्यली म्हून?"

आनंदाबाई तूर पाखडत होती. सूप थांबलं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि पोरीला तेच बरं वाटलं असतं.

"हो," ती म्हणाली. "वाटलं होतं. म्हणूनच पोटाले हात लावला नाई."

आता नलू उठून जाईल, असं आनंदाबाईला वाटलं. पण ती तिथंच बसली, आणि थोड्या वेळानं सुपातले खडे वेचायला लागली. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिनं, सासूच्या देखत, चार बायकांना पोटावरचा वण दाखवला. "दवाखान्यात म्हणाले, एरंडेल पोटात गेलं असतं तं वाचलीच नसती. आनंदाकाकूनं फेकलं ते." विमलाबाई घागर उचलून निघून गेली.

हळूहळू माणसं परत यायला लागली. आनंदाबाईनं नवा ओवा आणून उन्हात घातला. पण आता ती पहिल्यापेक्षा जास्त छळायची. हात लावून पाहिल्याशिवाय चिमूटसुद्धा द्यायची नाही. कोणी म्हणालं, "ह्याचं काई नाई, सोंग हाये," तर ती म्हणायची, "सोंगाचं पोट बी मऊ असते. दाखव." ताप असला, दुखणं उजवीकडे सरकलं, रक्त पडलं, पोटात जीव असलेली बाई कळ येते म्हणाली, की तिचं उत्तर ठरलेलं. वर्ध्याले जा.

दोन वर्षांनी ताराचंद नावाचा कापडवाला, पन्नाशीचा, बैलावर गठ्ठे लादून बाजार करत फिरणारा, भर दुपारी तिच्याकडे आला. "बाई, गॅस झाला है. छातीत चढला. ओवा द्या जरा."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सावलीत बसूनही कपाळ घामानं निथळत होतं. "कुठवर चढलं?"

"यहाँ तक." त्यानं जबड्याखाली हात लावला, मग डाव्या खांद्याला.

"ओवा नाई."

"चिमूटभर तो—"

"कणभर बी नाई. पुनाजी पवनारले चालला हाये, त्याच्या बंडीत बसा. चालू नका. तिथून मोटार धरा न् दवाखान्यात जा."

ताराचंद तणतणला. बाई, सकाळी पाच भजी खाल्ली, तेवढंच झालं, म्हणाला. आनंदाबाई दारात आडवी उभी राहिली आणि पुनाजी येईपर्यंत हलली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो ठणठणीत परत आला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात हसला. "डाक्टरनं यंत्र लावलं, दो घंटे लिटाके ठेवला, कुछ नाई निकला! वायूच होता. मेरा बाजार डुबाया तुमने, बाई!"

ओट्यांवरून लोकही हसले. चंद्रभान आतून म्हणाला, "पाह्य फौजदारीण, चुकली तू."

"चुकली तं चुकली," ती म्हणाली. "डॉक्टरनं छाती पाह्यली ना? आता बसा." आणि ओव्याचा डबा काढून तिनं चिमूटभर ओवा तळहातावर घेतला आणि चोळायला लागली.